फोटोत कोतवाल बसवताना: आधी माप, मग पाय

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुडा समोर ठेवून काढलेला एक फोटो माझ्याकडे होता. डिसेंबरची सकाळ, पुढे वेचणीला आलेला कापूस, मागे केळीची हिरवी पट्टी, त्यामागे निळसर डोंगर. डावीकडून विजेची तार निघून लांबच्या खांबाकडे जात होती. तार रिकामी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी वेगळ्याच शेताजवळ टिपलेला एक कोतवाल पक्षी मी त्या तारेवर आणून बसवला आणि मामांना दाखवला. मामांचा सगळा जन्म शेतात गेलेला. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि म्हणाले, "अरे भो, हाऊ कोतवाल शे का गिधाड शे?"

त्यांचं बरोबर होतं. पुढे हिशेब केला तेव्हा कळलं, मी बसवलेला कोतवाल जवळजवळ पाच फूट लांबीचा झाला होता. हा लेख त्याच फोटोवर आहे. काम मी जिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, कारण ते फुकट मिळतं. मेन्यूंची नावं त्यातलीच दिली आहेत. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हाच क्रम चालतो.

खांबावरून माप काढा

पक्षी केवढा दिसायला हवा हे डोळ्यांना विचारू नका. डोळा पक्ष्याकडे बघतो, म्हणून तो मोठाच करतो. फोटोत जिथे पक्षी बसणार, तिथे एक सेंटिमीटर म्हणजे किती पिक्सेल, एवढं काढायचं. त्यासाठी माहीत असलेल्या उंचीची एखादी वस्तू लागते, आणि शेतात ती उभीच असते: विजेचा खांब. शेतातल्या लाइनीला बहुतेक ठिकाणी ८ मीटरचा सिमेंटचा खांब असतो आणि त्याचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत जातो. म्हणजे वर साडेसहा मीटरच्या आसपास, ६५० सेंटिमीटर. दहा-वीस सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी पक्ष्याच्या मापात कुणाला कळत नाही. तुमच्याकडचा खांब उंच किंवा लोखंडी असेल, तर त्याच्या शेजारी माणूस उभा करून फोटो घ्या आणि त्यावरून उंची काढा.

माझा फोटो ६००० पिक्सेल रुंद. `Measure` हे साधन घेऊन (Shift+M) डावीकडचा जवळचा खांब बुंध्यापासून टोकापर्यंत मोजला, तो भरला २६०० पिक्सेल. लांबचा खांब ६१० पिक्सेल. पक्षी बसणार होता या दोघांच्या मधे, जवळच्या खांबाच्या थोडा पुढे. तिथे खांब नाही. मग काय करायचं?

दोन्ही खांबांची टोकं जोडणारी एक सरळ रेघ ओढा, आणि दोन्ही बुंधे जोडणारी दुसरी. तापीच्या खोऱ्यातलं काळं रान सपाट असतं, त्यामुळे ही युक्ती आपल्याकडे फार सोपी जाते. या दोन रेघांच्या मधलं उभं अंतर म्हणजे, त्या जागी खांब असता तर तो जेवढा दिसला असता तेवढं. वरची रेघ खांबांच्या टोकांवरून न्यायची, तारेवरून नाही. तार मधे झोल खाते. माझ्या निवडलेल्या जागेवर हे अंतर २००० पिक्सेल आलं.

```
२००० ÷ ६५० = ३.०८ पिक्सेल प्रति सेंमी
२८ × ३.०८ = ८६ पिक्सेल
```

कोतवालाची लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २८ सेंटिमीटर. पुस्तकात दिलेली लांबी पक्षी सरळ ताणून मोजलेली असते. बसलेला पक्षी थोडा वाकलेला, थोडा वळलेला असतो, म्हणून मी ८२ धरले. पहिल्या प्रयत्नात मी त्याच जागी ४६० पिक्सेलचा पक्षी ठेवला होता. ४६० भागिले ३.०८ म्हणजे १४९ सेंटिमीटर. मामांनी गिधाड म्हटलं ही त्यांची मेहेरबानीच, कारण गिधाडही एवढं लांब नसतं.

एक पडताळा तारेचा. ग्रामीण लाइनींच्या ॲल्युमिनियमच्या तारांना प्राण्यांची इंग्रजी नावं असतात: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग. वीझल तार ७.७७ मिलिमीटर जाड असते, रॅबिट १०.०५. म्हणजे कोतवालाची लांबी वीझल तारेच्या जाडीच्या छत्तीसपट भरते. तुमच्या पक्ष्याची लांबी तारेच्या दोनशेपट निघाली तर काहीतरी घोळ आहे, एवढं यावरून लगेच कळतं. पण नेमकं माप तारेवरून काढू नका. फोटोत तार दोन-तीन पिक्सेलचीच असते आणि कडेची अंधुक झालर धरली तर ती सहज दुप्पट भरते. मोजपट्टी म्हणून खांबच बरा.

तार कुठे चालली आहे, त्यावर पक्ष्याचं तोंड ठरतं

बहुतेकांचा फोटो इथे बिघडतो, आणि नेमकं काय खटकतंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. पक्षी तारेला आडवा बसतो. त्याची पुढची तीन बोटं तारेच्या एका बाजूने आणि मागचं एक बोट दुसऱ्या बाजूने येऊन मूठ आवळतात, त्यामुळे अंग तारेशी काटकोनात राहतं. तार फोटोत डावीकडून उजवीकडे आडवी गेली असेल, तर पक्षी आपल्याकडे तोंड करून किंवा पाठ करून दिसला पाहिजे. थोडा तिरका चालेल, मान तर तो कुठेही वळवेल. पण आडव्या तारेवर पूर्ण बाजूने दिसणारा, तारेच्या रेषेतच चोच आणि शेपटी असलेला पक्षी खोटा वाटतो.

तार आपल्यापासून दूर जाणारी असेल, तर तोच पक्षी बाजूने दिसतो. माझी तार तशीच होती. डावीकडून निघून खोल जात होती, म्हणून उजवीकडे तोंड केलेला, किंचित आपल्याकडे वळलेला कोतवाल तिथे बसत होता.

या तारेबद्दल आणखी एक. फोटोत ती उजवीकडे चांगली वीसेक अंश उतरलेली दिसते. खरी तार तेवढी उतरती नसते, ते दूर जाण्यामुळे दिसतं. म्हणून पक्षी फिरवून तारेला काटकोनात आणायचा नाही. तो उभाच राहील. पक्ष्याच्या छातीपोटाच्या मध्यातून ओळंबा सोडला, तर तो पायांच्या आसपास पडला पाहिजे. ओळंबा पायांच्या बराच पुढे किंवा मागे गेला, तर पक्षी पडायला आल्यासारखा दिसतो. मूळ फोटो दोन-तीन अंश फिरवावा लागला तर ठीक. त्याहून जास्त लागत असेल, तर दुसरा फोटो शोधा.

उजेडही इथेच बघून घ्या. मी उत्तरेकडे तोंड करून उभा होतो आणि हिवाळ्यातला सकाळचा सूर्य आग्नेयेला, म्हणजे माझ्या उजव्या खांद्यामागे होता. त्यामुळे पक्ष्याचीही उजवी बाजू उजळलेली हवी. मूळ फोटोत उजेड डावीकडून असेल तर तो आडवा उलटवता येतो, पक्ष्यावर कुठे पाटी लिहिलेली नसते. गच्चीवरून समोरासमोर टिपलेला पक्षी मात्र उंच तारेवर ठेवू नका. जमिनीवरून बघताना आपल्याला त्याचं पोट आणि शेपटीची खालची बाजू थोडी दिसायला हवी.

मामा पटले, पण पक्षी दिसेना

८२ पिक्सेलचा कोतवाल तारेवर बसवला. मामांनी मान डोलावली. पण हा फोटो ४५ सेंटिमीटर रुंद छापला, तर त्यात पक्षी जेमतेम सहा मिलिमीटरचा येणार. एवढ्या मापाला पाय म्हणजे पाच-सहा पिक्सेलचा काळा ठिपका. तिथे एवढंच बघायचं, की पोट आणि तार यांच्या मधे आकाशाची फट राहू नये आणि तार पोटावरून जाऊ नये.

ज्याला पक्षी मोठा दिसायला हवा, त्याने पक्षी फुगवू नये, जवळची जागा शोधावी. फोटोच्या उजव्या कडेला बाभळीची एक फांदी आली होती, कॅमेऱ्यापासून साधारण चार मीटरवर. फोटो काढताना मी एक शहाणपणा केला होता: त्याच जागेवरून, त्याच झूमवर दुसरा एक फोटो घेतला होता, फांदीशेजारी शाळेतली ३० सेंटिमीटरची पट्टी धरून. (हा प्रकार फक्त फांदीसाठी. विजेच्या तारेजवळ पट्टी घेऊन कुणी जाऊ नये.) पट्टी भरली ४३८ पिक्सेल, म्हणजे एका सेंटिमीटरला १४.६. कोतवाल २८ गुणिले १४.६, साधारण ४०९ पिक्सेल.

पण ही फांदी फोटोत आडवी होती. त्यामुळे बाजूने दिसणारा माझा कोतवाल इथे चालेना. आपल्याकडे छाती करून बसलेला दुसरा फोटो काढला, तोही तारेवरचाच, आडव्या तारेवरचा. समोरून बघताना तिरकं अंग आखूड दिसतं, म्हणून मी डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३५० पिक्सेल धरले. मूळ फोटोत पक्षी १४०० पिक्सेलचा होता, म्हणजे तो एक चतुर्थांश करायचा. `Scale` मध्ये (Shift+S) साखळीचं चित्र जोडलेलं ठेवा, नाहीतर पक्षी बसका होईल. `Interpolation` ला `NoHalo` निवडा. लहान करायला हरकत नाही. पण लहान पक्षी मोठा करायची वेळ आली, तर तो फोटो या कामाचा नाही असं समजा.

आता पाय

आधी फांदीची जाडी बघा. तार पातळ असते, म्हणून पक्ष्याची बोटं तिला पूर्ण वेढा घालतात आणि नखं खालून वळून येतात. मनगटाएवढ्या फांदीवर बोटं वेढा घालत नाहीत, ती वर पसरतात आणि नखं फक्त टेकतात. तारेवरचे पाय जाड फांदीवर ठेवले, तर ती मूठ हवेतच आवळल्यासारखी दिसते. मी बाभळीचा पेनाएवढ्या जाडीचा भाग निवडला, १३ पिक्सेलचा. पक्ष्यासोबत आलेली मूळ तार लहान झाल्यावर ११ पिक्सेलची राहिली होती. जाडी जुळली आणि मापाचा पडताळाही झाला. मूळ तार २५ पिक्सेल दिसली असती, तर पक्षी मोठा ठेवला गेलाय हे तिथेच कळलं असतं.

आणखी टोकाकडच्या काडीवर मी गेलो नाही. कोतवालाचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास. विजेच्या तारेला त्याची दखलही नाही, पण काडेपेटीतल्या काडीएवढी डहाळी त्याने वाकते. तशी डहाळी निवडलीत तर तीही खाली वाकवावी लागेल.

कापताना पाय तारेपासून सोडवत बसू नका. `Paths` ने (B) पक्ष्याची कडा घ्या आणि पायांपाशी तारेचा तुकडा पायांच्या दोन्ही बाजूंना बोटभर ठेवून कापा. दोन पायांच्या मधली फट विसरू नका. तिथे जुन्या फोटोतलं आकाश अडकून राहतं आणि केळीच्या हिरव्यावर ते पांढऱ्या ठिगळासारखं दिसतं. काळ्या पक्ष्याभोवती अशीच एक फिकट झालर येते, म्हणून Enter दाबून या कडेची निवड झाली की `Select > Shrink` मध्ये १ पिक्सेल द्या आणि मगच कॉपी करा.

आता थर लावायचे. सगळ्यात खाली फोटो, त्यावर पक्षी. मग खालच्या फोटोची `Layer > Duplicate Layer` ने प्रत काढा आणि ती पक्ष्याच्याही वर न्या. पक्षी झाकला जाईल, घाबरू नका. या वरच्या प्रतीला `Layer > Mask > Add Layer Mask` मधून `Black (full transparency)` द्या, पक्षी परत दिसेल. आता मास्कवर पांढरा ब्रश जिथे फिरेल, तिथे फांदी पक्ष्याच्या पुढे येईल. काळा फिरेल तिथे पक्षी पुढे. प्रत जागेवरूनच काढलेली असल्यामुळे फांदी तसूभरही सरकत नाही.

कुठे पांढरा आणि कुठे काळा, हे पायाच्या रचनेवरून ठरतं. आपल्याकडे तोंड करून बसलेल्या पक्ष्याची पुढची तीन बोटं फांदीवरून आपल्या बाजूला उतरतात. ती दिसली पाहिजेत, म्हणून तिथे काळा. मागचं बोट फांदीच्या पलीकडे असतं, ते दिसत नाही. आणि शेपटी! ती फांदीच्या मागून खाली येते. म्हणजे शेपटी जिथे फांदीला छेदते, तिथे फांदी पुढे, तिथे पांढरा. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे शेपटी फांदीच्या पुढे लोंबत ठेवणं. छाती आपल्याकडे आणि शेपटीही आपल्याकडे, असा पक्षी झाला की पाहणारा बिचकतो. पक्षी पाठमोरा असेल तर सगळं उलट: मागचं बोट आणि शेपटी पुढे, पुढची तीन बोटं पलीकडे.

ब्रश ३-४ पिक्सेलचा घ्या, कडा फार मऊ नको. आधी दोन पायांच्या मधला आणि बाजूंचा सगळा भाग पांढरा करून जुनी तार फांदीखाली गाडून टाका. मग झूम ४००% करून एकेक बोट काळ्याने बाहेर काढा. या मापाला एक बोट तीनेक पिक्सेल जाड आणि वीसेक पिक्सेल लांब असतं, तिन्ही मिळून पाच मिनिटांचं काम. बोटाचं टोक फांदीच्या खालच्या कडेपाशी संपू द्या. नख कडेच्या खाली हवेत लोंबायला लागलं, तर पक्षी दोन पिक्सेल वर उचला. तारेची जाडी आणि फांदीची जाडी यांत जो फरक असतो, तो इथेच निघतो.

एवढं करूनही पक्षी चिकटवल्यासारखा दिसेल, कारण सावली नाही. पक्षी आणि वरची प्रत यांच्या अगदी वर एक रिकामी लेअर घ्या, तिचा `Mode` `Multiply` करा. रंग शुद्ध काळा नको, फांदीच्याच सालीचा गडद तपकिरी उचला. दोन प्रकारच्या सावल्या लागतात. पहिली बोट आणि साल यांच्या सांध्यात, एक-दोन पिक्सेल रुंद, चांगली गडद. दुसरी पोटाची, फांदीच्या वरच्या अंगावर, मऊ ब्रशने, चाळीस टक्क्यांच्या आसपास. माझा उजेड उजवीकडून होता, म्हणून ही दुसरी सावली पायांच्या थोडी डावीकडे सरकवली. तारेवर पक्षी असेल तर दुसरी सावली सोडून द्या, तिला पडायला जागाच नसते.

काळा किती काळा

कोतवाल काळा, म्हणून तो शाईसारखा काळा ठेवायचा मोह होतो. फोटोत पक्षी जिथे आहे, त्याच अंतरावरची सगळ्यात गडद जागा शोधा. फांदीवरच्या कोतवालासाठी मी बाभळीच्या खोडाची सावली घेतली. तारेवरच्या कोतवालासाठी खांबावरच्या लोखंडी पट्टीखालची सावली घेतली. ती जास्त फिकट होती, कारण डिसेंबरच्या सकाळी मधे धुकं आणि धूळ असते. `Colors > Curves` मध्ये रेषेचं डावं खालचं टोक थोडं वर उचललं, की पक्ष्याचा काळा त्या सावलीशी जुळतो. पाठीवरची निळसर झाक मारू नका, तीच पिसांची खूण आहे.

लहान केलेला पक्षी भोवतालापेक्षा जास्त धारदार दिसतो. `Filters > Blur > Gaussian Blur` मध्ये ०.५ पासून सुरू करा, फांदीची साल जेवढी स्पष्ट आहे तेवढ्यावर थांबा. फोटोत दाणे दिसत असतील आणि पक्ष्यावर नसतील, तर `RGB Noise` अगदी थोडा द्या.

शेवटी `View > Flip & Rotate > Flip Horizontally` करून फोटो उलटा बघा. तासभर बघून डोळा सरावलेला असतो. उलट्या फोटोत कललेला पक्षी आणि उरलेली झालर लगेच दिसते. मला तिथे उजव्या पायाखाली दोन पिक्सेलचं आकाश सापडलं.

हा फोटो घरात लावा, कॅलेंडरवर छापा, पण पक्ष्यांच्या नोंदीत टाकू नका आणि निसर्गछायाचित्रांच्या स्पर्धेलाही पाठवू नका. कुठेही देताना पक्षी नंतर बसवला आहे हे खाली लिहा. मी मामांच्या घरच्या प्रतीवर लिहिलंय. ती वाचून मामांनी एकच विचारलं: बाभळीवरचा कोतवाल चालला, मग तारेवरचा काढून का टाकला? आता तारेवर ८२ पिक्सेलचा तोही परत बसलाय. दोघं एकमेकांपासून लांब आहेत, ते बरंच आहे, कारण कोतवाल बहुतेक वेळा एकटाच बसलेला दिसतो.